पिंच-ऑफ झाल्यावरही करंट का वाहतो? बीएफडब्ल्यू १० घेऊन जेफेटची उलटतपासणी

डिप्लोमाच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला एकच प्रश्न विचारला होता. "पिंच-ऑफ म्हणजे चॅनेल चिमटला गेला, बरोबर? मग सपाट रेषेवरचा तो दहा मिलिअँपिअर करंट कुठून जातो?" जर्नलमध्ये आलेख अगदी सुबक काढलेला होता, पण उत्तर येत नव्हतं. दुसरा प्रश्न त्यांनी विचारला नाही, माझी अवस्था बघूनच सोडून दिलं असावं: गेट करंट घेत नाही असं सगळे म्हणतात, पण "नाही" म्हणजे नेमका किती?

या दोन्ही प्रश्नांची उत्तरं घरच्या टेबलावर, एका डिजिटल मल्टिमीटरने मिळतात. मी नमुन्याला बीएफडब्ल्यू १० घेतला आहे. आपल्याकडच्या कॉलेजांच्या लॅबमध्ये पिढ्यान् पिढ्या हाच चार पायांचा, धातूच्या टोपीचा एन-चॅनेल जेफेट, म्हणजे गेटच्या व्होल्टेजने करंट आवरणारा ट्रान्झिस्टर, वापरला जातो. तो नसेल तर जे११३ किंवा २एन५४५७ चालेल, फक्त आकडे वेगळे येतील.

आधी आतलं चित्र

एन-प्रकारच्या सिलिकॉनची एक पट्टी आहे असं समजा. एका टोकाला सोर्स, दुसऱ्या टोकाला ड्रेन, आणि दोन्ही बाजूंनी पी-प्रकारचं गेट. पी आणि एन जिथे भेटतात तिथे डिप्लीशन थर तयार होतो, म्हणजे जिथे वाहून न्यायला मोकळे इलेक्ट्रॉन उरलेले नाहीत असा भाग. गेटला सोर्सपेक्षा ऋण व्होल्टेज दिलं की हा थर फुगतो आणि मधली वाट अरुंद होते. हे सगळं जंक्शन उलट्या दिशेने बायस केलेलं असताना घडतं, आणि गेटच्या करंटचं उत्तर इथेच दडलेलं आहे. त्याकडे नंतर येऊ.

घोटाळा होतो तो "पिंच-ऑफ" हा एकच शब्द दोन प्रसंगांना वापरल्यामुळे. पहिला प्रसंग: गेट इतकं ऋण केलं की सोर्सपासून ड्रेनपर्यंत सगळी वाट बुजली. तिथे करंट खरोखर थांबतो, आणि त्या गेट व्होल्टेजला डेटाशीटमध्ये कट-ऑफ व्होल्टेज म्हणतात. दुसरा प्रसंग: गेट शून्यावरच आहे, पण ड्रेनचं व्होल्टेज वाढवत नेलं आणि वाट फक्त ड्रेनकडच्या टोकाला चिमटली गेली. तिथे करंट थांबत नाही, वाढायचा मात्र थांबतो. परीक्षकांचा प्रश्न या दुसऱ्या प्रसंगाबद्दल होता.

पायरी १: मीटर ओळखून घ्या

पुढचं सगळं मल्टिमीटरच्या स्वतःच्या आतल्या रोधावर अवलंबून आहे, म्हणून तो आधी तपासा. ९ व्होल्टची बॅटरी घ्या, तिच्या एका टोकाला १० मेगाओहमचा रेझिस्टर लावा आणि त्या रेझिस्टरमधून डीसी व्होल्टेज मोजा. निम्मं, म्हणजे साडेचारच्या आसपास दिसलं तर मीटर १० मेगाओहमचा आहे. ०.८ व्होल्टच दिसलं तर तो १ मेगाओहमचा आहे. अगदी स्वस्त पिवळे मीटर बहुधा असेच निघतात. त्यावर पायरी ३ पर्यंतचं काम भागेल, गेटचा करंट मोजायला मात्र तो उपयोगाचा नाही.

मग जेफेट जिवंत आहे का ते बघा. डायोड रेंजवर लाल पिन गेटला आणि काळी सोर्सला किंवा ड्रेनला लावली की ०.६ ते ०.७ दिसायला हवं, उलटं केल्यावर काहीच नाही. गेट सोर्सला जोडून ड्रेन-सोर्स रोध मोजला तर माझ्या नगावर दीड-दोनशे ओहम येतो. गेट मोकळं ठेवून हा रोध मोजू नका, हात जवळ नेला तरी आकडा नाचतो आणि चांगला नग खराब वाटतो. चौथा पाय आतल्या टोपीला जोडलेला असतो, तो सोर्सच्या बाजूला, म्हणजे सर्किटच्या शून्याला जोडा. पायांचा क्रम डेटाशीटमधून बघा, अंदाजाने जोडू नका.

पायरी २: कट-ऑफ व्होल्टेज, एका मीटरवर

ड्रेनला १२ व्होल्ट द्या. गेट सरळ सप्लायच्या ऋण टोकाला जोडा. सोर्स कुठेही जोडू नका, फक्त सोर्स आणि गेट यांच्यामध्ये मल्टिमीटर २० व्होल्टच्या रेंजवर लावा. बस.

माझ्या नगावर मीटर ३.८८ व्होल्टवर जाऊन स्थिरावलं. असं का होतं ते सावकाश बघण्यासारखं आहे. सुरुवातीला सोर्स आणि गेट एकाच पातळीवर असतात, वाट उघडी असते, करंट वाहतो. तो करंट मीटरच्या १० मेगाओहममधून जायला लागतो, त्यामुळे सोर्सचं व्होल्टेज वर चढतं. सोर्स वर चढला म्हणजे त्याच्या तुलनेत गेट आपोआप ऋण झालं, आणि वाट अरुंद झाली. सोर्स चढत राहतो आणि वाट बुजण्याच्या अगदी काठावर येऊन थांबतो. पूर्ण बुजली तर करंट थांबेल, सोर्स खाली घसरेल आणि वाट परत उघडेल. म्हणून तो काठावरच टिकतो. त्या वेळी मीटरमधून जेमतेम ०.३९ मायक्रोअँपिअर जात असतो.

आता ड्रेनचं व्होल्टेज १२ वरून १८ करा. मीटर हलत नाही, हललंच तर शेवटचा आकडा. १० वर आणा, तरी तेच. वरचे सहा-आठ व्होल्ट कुणीतरी मधेच गिळतंय. हे लक्षात ठेवा, लगेच लागणार आहे.

डेटाशीटमधलं कट-ऑफ नॅनोअँपिअरच्या करंटवर मोजलेलं असतं, त्यामुळे आपला आकडा त्याहून किंचित कमी येतो. मी हिशेबाला ३.९ धरतो. बीएफडब्ल्यू १० साठी हा आकडा जास्तीत जास्त ८ व्होल्टपर्यंत असू शकतो, म्हणून १२ व्होल्टचा सप्लाय सुचवला. ९ व्होल्टच्या उतरलेल्या बॅटरीवर मोठ्या कट-ऑफचा नग चुकीचा आकडा देईल. तुमच्या शेजाऱ्याच्या बीएफडब्ल्यू १० वर तीन मिळाले आणि तुमच्याकडे सहा, तर घाबरू नका. एकाच पाकिटातल्या नगांमध्येही एवढा फरक पडतो.

पायरी ३: सपाट रेषा

आता गेट आणि सोर्स एकत्र जोडून शून्यावर ठेवा, ड्रेनच्या वाटेत मिलिअमीटर घाला आणि ड्रेनचं व्होल्टेज हळूहळू वाढवा. माझे आकडे असे आले: १ व्होल्टला ५.० मिलिअँपिअर, २ ला ८.५, ३ ला १०.४, ४ ला ११.१, ८ ला ११.४ आणि १२ ला ११.६. पहिल्या तीन व्होल्टांत दहा मिलिअँपिअर, आणि ४ ते १२ या आठ व्होल्टांत जेमतेम अर्धा. वळण चार व्होल्टच्या आसपास आहे, म्हणजे मागच्या पायरीत मीटरने दाखवलेल्या आकड्यापाशीच. हा योगायोग नाही.

चॅनेलमध्ये करंट वाहतो तेव्हा त्याच्या लांबीभर व्होल्टेज वाटलेलं असतं. सोर्सपाशी शून्य, ड्रेनकडे जाताना चढत जाणारं. गेट सगळीकडे शून्यावर आहे, त्यामुळे ड्रेनकडच्या बाजूला गेट आणि चॅनेल यांच्यात जास्त उलटं बायस पडतं, आणि डिप्लीशन थर तिकडे जास्त फुगतो. वाट नरसाळ्यासारखी होते. चॅनेलवरचा जो बिंदू गेटपेक्षा ३.९ व्होल्ट वर गेला, तिथे वाट चिमटली जाते.

पण तिथे ती पूर्ण बंद झाली असं समजा. करंट शून्य होईल. करंट शून्य झाला तर चॅनेलमध्ये व्होल्टेज पडणार नाही, सगळा चॅनेल सोर्सच्या पातळीवर येईल आणि चिमटा सुटेल. म्हणजे चिमटा टिकून राहायला करंट वाहावाच लागतो. मीटरच्या प्रयोगात सोर्स जसा काठावर येऊन थांबला, तसाच इथे चॅनेलमधला तो बिंदू थांबतो. सोर्सपासून त्या बिंदूपर्यंत नेहमी ३.९ व्होल्टच, आणि वाटेचा आकारही जवळपास तोच, म्हणून करंटही तोच. ड्रेनवर वाढवलेले जादाचे व्होल्ट त्या बिंदूपासून ड्रेनपर्यंतच्या छोट्या डिप्लीशन पट्ट्यावर पडतात. काठापर्यंत आलेले इलेक्ट्रॉन तिथल्या तीव्र विद्युतक्षेत्रात सापडतात आणि ड्रेनकडे ओढले जातात. त्या पट्ट्याला स्वतःचे मोकळे इलेक्ट्रॉन नसले, तरी बाहेरून आलेले तो अडवत नाही. धबधब्याची उंची वाढवली म्हणून नदीतलं पाणी वाढत नाही, तसंच काहीसं. परीक्षकांना हे सांगता आलं असतं तर!

सपाट रेषा थोडी चढते, कारण व्होल्टेज वाढलं की तो पट्टा जरा रुंद होतो आणि उरलेला चॅनेल तेवढा आखूड. उलट कधी ती उतरतानाही दिसेल. १२ व्होल्ट आणि ११.६ मिलिअँपिअर म्हणजे १४० मिलिवॅट. टोपी कोमट होते आणि या करंटला जेफेट तापला की करंट घटतो. म्हणून आकडा चटकन वाचा आणि सप्लाय बंद करा. एकदा मी चहा घेऊन येईपर्यंत सप्लाय चालू ठेवला आणि बदललेला आकडा बघून मीटरची बॅटरी बदलत बसलो होतो.

गेटला ऋण व्होल्टेज दिलं की वळण डावीकडे सरकतं. गेट उणे २ असेल तर ड्रेन १.९ व्होल्टला पोचताच चिमटा बसतो, कारण उरलेले दोन व्होल्ट गेटने आधीच भरलेले असतात. सपाट भागातला करंट खालच्या सूत्राने येतो. त्यात IDSS म्हणजे गेट शून्यावर असतानाचा सपाट करंट, VGS म्हणजे गेट-सोर्स व्होल्टेज आणि VGS(off) म्हणजे कट-ऑफ व्होल्टेज:

```
ID = IDSS × (1 − VGS/VGS(off))²
ID = 11.6 × (1 − 2/3.9)² = 2.75 mA
```

पायरी ४: गेटच्या वाटेत १० मेगाओहम

या पायरीवर माझा जीव आहे, कारण पिकोअँपिअरचं महागडं मीटर नसतानाही ती उत्तर देते.

वेगळी ९ व्होल्टची बॅटरी घ्या, तिच्यावर १०० किलोओहमचा पॉट लावा, बॅटरीचं धन टोक सोर्सला जोडा आणि पॉटच्या मधल्या पायातून गेटला उणे २ व्होल्ट द्या. ड्रेनला १० व्होल्ट. माझ्याकडे २.७६ मिलिअँपिअर आला, सूत्राच्या जवळच. आता पॉट आणि गेट यांच्यामध्ये १० मेगाओहमचा रेझिस्टर घाला. करंट बघा.

२.७६. तोच.

यातून गेट करंटवर एक मर्यादा काढता येते. या बिंदूवर गेटचं व्होल्टेज १ व्होल्टने बदललं तर ड्रेन करंट साधारण २.९ मिलिअँपिअरने बदलेल, या दराने. मिलिअमीटरवर ०.०१ चा फरक दिसला असता, म्हणजे गेटवर साडेतीन मिलिव्होल्टचा बदल असता तर कळला असता. तो झाला नाही. १० मेगाओहमवर साडेतीन मिलिव्होल्टसुद्धा पडले नाहीत, म्हणजे गेटचा करंट ०.३५ नॅनोअँपिअरपेक्षा कमी आहे. तुलनेला बीसी ५४७ हा साधा एनपीएन ट्रान्झिस्टर घ्या. त्याला एवढाच कलेक्टर करंट हवा तर बेसला दहा-अकरा मायक्रोअँपिअर द्यावे लागतात. बेसच्या वाटेत १० मेगाओहम घातला तर तेवढ्या करंटसाठी शंभराहून जास्त व्होल्ट लागतील.

पायरी ५: आता प्रत्यक्ष मोजा

रेझिस्टर काढून त्याच जागी मल्टिमीटर लावा, २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर. मीटरचे १० मेगाओहम हाच आता आपला रेझिस्टर. १ मिलिव्होल्ट म्हणजे १०० पिकोअँपिअर, आणि शेवटचा आकडा, ०.१ मिलिव्होल्ट, म्हणजे १० पिकोअँपिअर. १० मेगाओहमच्या साध्या मल्टिमीटरमध्ये पिकोअँपिअरचं मीटर लपलेलं असतं ते असं.

गेटच्या पायाला हात न लावता, वायर आखूड ठेवून आणि ट्यूबलाइटपासून लांब बसून मी मोजलं तेव्हा ०.२ आणि ०.३ च्या मध्ये आकडा झुलत होता. म्हणजे वीस-तीस पिकोअँपिअर, त्यातही थोडा वाटा मीटरच्या स्वतःच्या गळतीचा असणार. डेटाशीट गेटवर उणे २० व्होल्ट असताना जास्तीत जास्त ०.१ नॅनोअँपिअर म्हणतं, त्याच्याशी हे जुळतं.

शून्य का नाही आणि एवढा कमी का, याचं उत्तर त्या उलट्या जंक्शनमध्ये. बीसी ५४७ मध्ये बेस-एमिटर जंक्शन सुलट असतं, बेसमधून वाहक घालत राहावे लागतात. जेफेटच्या गेटला फक्त थराची रुंदी राखायची असते. त्यासाठी एकदा थोडा चार्ज सरकला की पुरे. चॅनेलचे इलेक्ट्रॉन गेटकडे जाऊ पाहिले तर विद्युतक्षेत्र त्यांना मागे ढकलतं. गेटमधून करंट जाऊ शकतो तो एवढाच: उष्णतेमुळे थरातच अधूनमधून एखादी इलेक्ट्रॉन-होल जोडी सुटते, क्षेत्र तिला ओढून दोन दिशांना नेतं. अशा जोड्या किती सुटतील हे मुख्यतः तापमान ठरवतं. म्हणून गेटचं ऋण व्होल्टेज दुप्पट केलं तरी करंट फारसा वाढत नाही, पण तापमान दर १० अंशांनी वाढलं की तो साधारण दुप्पट होतो. हेअर ड्रायर दुरून टोपीवर धरा, ०.३ चा आकडा डोळ्यांदेखत वर चढेल.

"जवळजवळ शून्य" कुठे खोटं ठरतं

पहिली जागा म्हणजे बोर्ड. एका प्रीअँपमध्ये गेटचा करंट नॅनोअँपिअरमध्ये दिसत होता आणि मी दोन जेफेट बदलले. दोष जेफेटचा नव्हताच, सोल्डरिंगनंतर गेट आणि सप्लायच्या पट्टीमध्ये फ्लक्स राहिला होता. ओळखायची खूण सोपी आहे: आकडा बघत बोर्डावर तोंडाने वाफ सोडा. आकडा उडी मारून मग सावकाश उतरला, तर गळती पृष्ठभागावरची. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रश मारून धुवा आणि पूर्ण वाळू द्या. वाफेने हलत नाही आणि गरम केल्यावर दुप्पट-चौपट होतो तो करंट जंक्शनचा. दोन्हीला दाद न देता दहा-वीस मिलिव्होल्टवर अडून बसला, तर गेट स्टॅटिकने किंवा जास्त व्होल्टेजने दुखावलेलं असण्याची शक्यता मोठी, नग बदला.

दुसरी जागा जास्त फसवी आहे. डेटाशीटमधला गेट करंट ड्रेन आणि सोर्स एकत्र जोडून, म्हणजे चॅनेलमध्ये करंट नसताना मोजलेला असतो. चालू सर्किटमध्ये ड्रेनचं व्होल्टेज बरंच वाढवलं तर चिमट्याजवळच्या पट्ट्यात वेगाने धावणारे इलेक्ट्रॉन सिलिकॉनच्या अणूंवर आदळून नव्या जोड्या सोडवतात, आणि त्यातले होल गेटकडे येतात. मघाशी जादाचे व्होल्ट ज्या पट्ट्यावर पडत होते, तोच हा. पायरी ५ च्या जोडणीत ड्रेन १० वरून २५ व्होल्टकडे न्या (बीएफडब्ल्यू १० ची मर्यादा ३० आहे) आणि गेटचं मीटर बघत राहा. एका ठरावीक व्होल्टेजनंतर ते एकदम चढायला लागतं, आणि ड्रेन करंट जास्त ठेवला असेल तर आणखी जोरात. फार मोठ्या रोधाच्या सिग्नलसाठी जेफेट वापरताना ड्रेनवर विनाकारण जास्त व्होल्ट ठेवू नयेत ते यासाठी.

गेट धन झालं तर सगळंच संपलं. दोन-तीन दशांश व्होल्टपर्यंत काही जाणवत नाही, अर्ध्या व्होल्टनंतर तो साधा सुलट डायोड आहे. सिग्नल मोठा असेल तर त्याच्या वरच्या टोकाला हे क्षणभर घडू शकतं.

आणि हे सगळं डीसीचं झालं. बीएफडब्ल्यू १० च्या गेटवर ५ पिकोफॅरडपर्यंत कपॅसिटन्स असतो, तो १ मेगाहर्ट्झला सुमारे ३२ किलोओहमसारखा वागतो. रेडिओच्या टप्प्यात "गेट करंट घेत नाही" हे वाक्य वापरून हिशेब करू नका.

गेटचा रेझिस्टर किती मोठा

गेटला जमिनीशी जोडणारा रेझिस्टर निवडताना वरचे आकडे कामाला येतात. सर्वांत वाईट धरून २५ अंशांना १०० पिकोअँपिअर घ्या. १ मेगाओहमवर त्याचे ०.१ मिलिव्होल्ट होतात, कुणाच्या लक्षातही येणार नाहीत. बंद पेटीत ६५ अंश झाले तर चार वेळा दुप्पट, म्हणजे सोळापट, १.६ मिलिव्होल्ट. तरी चालेल. तिथेच १०० मेगाओहम लावला तर ६५ अंशांना १६० मिलिव्होल्ट गेटवर उभे राहतील, तेही धन दिशेला, आणि बायस सरकेल. माझ्या नगाने वीस-तीस पिकोअँपिअरच दाखवले म्हणून मी मोठा रेझिस्टर लावू शकेन, पण पुढचा नग बदलताना पायरी ५ पुन्हा करावी लागेल.